लेसचा चार्ट: रांग ९ पासून मार्कर जागेवर राहत नाहीत (स्टोल, ६९ टाके)

मुक्ताई
नमस्कार मंडळी. साधे स्वेटर, टोप्या बऱ्याच विणल्या आहेत, पण चार्टवरून लेस पहिल्यांदाच करतेय. सध्या एडिनबरात असल्यामुळे शेटलंडची दुपदरी लेसची लोकर सहज मिळाली, सुई ३.५ मिमी. नमुना घोड्याच्या नालेचा आहे. आठ रांगांनंतर नाला अर्ध्या घराने सरकतात, म्हणजे पूर्ण नक्षी १६ रांगांची. दर वेळी १० टाके पुन्हा येतात, अशी सहा घरं. दोन्ही कडांना ४-४ टाके आणि शेवटच्या घरानंतर तोल साधायला एक जास्तीचा. एकूण ६९.

चार्टमध्ये फक्त विषम रांगा दिल्या आहेत, सम रांगा सगळ्या उलट (कडेचे टाके सोडून). पहिल्या १६ रांगा झाल्या, तेव्हाही रांग ९ ते १५ मध्ये मार्करशी झटापट झालीच, पण निभावलं. आता दुसऱ्या फेरीत रांग १२ संपवून मोजलं तर ६८. चार्टवर लाल चौकट आहे, ती रांग १ ते ७ सरळ उभी आहे आणि रांग ९ पासून एक चौकोन उजवीकडे सरकलीय. छपाईची चूक आहे का? आणि आता काय करू? उसवलं तर टाके धरून ठेवायला ओवलेला दोरा, म्हणजे लाइफलाइन, १६ व्या रांगेत आहे, म्हणजे १२ रांगा उसवाव्या लागतील.

गिरीश_प
छपाईची चूक वाटत नाही. एक टाका कमी असेल तर पुढच्या रांगेत कुठेही एक वाढवून टाका, ६९ झाले की प्रश्न मिटला. लेसमध्ये एवढं कुणाला दिसतं? मी दोन मफलर असेच पूर्ण केलेत.

माई६२
आमच्या वेळी चार्टही नव्हता आणि हे मार्करही. बाई सांगायची, आम्ही वहीत लिहून घ्यायचो: दोन सुलट, दोरा पुढे, दोनाचा एक. नक्षी डोळ्यांनी वाचायला शिका, मार्करची कटकटच राहणार नाही.

चंपाकळी
मार्कर कुठल्या कंपनीचा वापरता? मी ब्लाउजच्या कापडावर लेस लावताना निळा मार्कर वापरला, तो धुतल्यावर गेलाच नाही. पांढऱ्या लोकरीवर तर जपूनच.

मुक्ताई
@चंपाकळी, तो पेन नव्हे हो. सुईवर टाक्यांच्या मध्ये अडकवतात त्या प्लास्टिकच्या रिंगा.

@गिरीश, कुठेही वाढवला तर पुढच्या रांगेत नाल वाकडी होणार नाही का?

उलटसुलट
होणार. गिरीश, ६९ हा आकडा बरोबर येणं आणि प्रत्येक घरात १० येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या मफलरींची नक्षी दोन-चार टाक्यांची असेल, तिथे एखादा टाका सरकला तरी लपतो. इथे प्रत्येक नालेची छिद्रं एकमेकांवर तिरकी चढत जातात. एक टाका भलत्या जागी वाढला की तिथून वरची तिरकी रेघ मोडते, आणि स्टोल पाण्यातून काढून ताणून वाळवला की ती मोडलेली रेघच आधी दिसते.

मुक्ता, छपाई बरोबर आहे. तुझी रांग ९ अशी असणार (गोल म्हणजे सुईवर नुसता दोरा घेऊन केलेली जाळी):

तिनाचा एक, ३ सुलट, गोल, १ सुलट, गोल, ३ सुलट.

रांग १ ते ७ मध्ये तिनाचा एक घराच्या मधोमध येतो, मार्करपासून लांब. रांग ९ पासून तो बरोबर दोन घरांच्या सीमेवर येतो. त्याचे तीन टाके म्हणजे आधीच्या घराचा दहावा आणि पुढच्या घराचे पहिला आणि दुसरा. मार्कर दहाव्या आणि पहिल्याच्या मध्ये उभा आहे, म्हणजे ज्या तीन टाक्यांचा एक करायचा त्यांच्या पोटातच. म्हणून लाल चौकट एक चौकोन उजवीकडे सरकलीय. चार्ट काढणाऱ्याने तुला सांगून ठेवलंय की या रांगेत मार्कर एक टाका उजवीकडे ने.

कृती अशी. मार्करच्या आधी एक टाका राहीपर्यंत वीण. तो टाका न विणता उजव्या सुईवर घे, मार्कर काढ, टाका परत डाव्या सुईवर ठेव, मार्कर उजव्या सुईवर अडकव. मग तिनाचा एक कर. विणलेला टाका मार्करच्या डावीकडे राहतो आणि नव्या घराचा पहिला टाका होतो. घरात पुन्हा दहाच. रांग ९, ११, १३, १५ या चारही रांगांत हे दर वेळी करायचं. सम रांगांत मार्कर हलवायचा नाही. पहिला मार्करही कधीच हलवायचा नाही, कारण तिथे तिनाच्या ऐवजी दोनाचा एक आहे. शेवटचा मात्र हलतो, कारण सहाव्या घराचा दहावा टाका तो जास्तीच्या टाक्याबरोबर एकत्र विणायचा असतो.

आता उसवू नकोस. सुलटी बाजू समोर धरून उजवीकडून प्रत्येक घरातले टाके मोज आणि इथे लिही.

मुक्ताई
कडेचे ४, मग १०, १०, ११, ९, ९, १०, आणि शेवटच्या मार्करनंतर ५. एकूण ६८.

उलटसुलट
छान, यातून बरंच कळतं.

तिसऱ्या घरात ११ आणि चौथ्यात ९. दोन्ही मिळून २०, म्हणजे तिथे टाका हरवलेला नाही. तिसऱ्या-चौथ्याच्या मधला मार्कर तू काढलास, तिनाचा एक केलास आणि मार्कर त्याच्यानंतर ठेवलास. तो टाका पुढच्या घरात जायचा तो मागच्या घरात राहिला. विणकाम बरोबर आहे, मार्कर एक टाका उजवीकडे सरकव.

पाचव्या घरातला ९ हा खरा हरवलेला टाका. तो रांग ९ मध्ये हरवला की ११ मध्ये? रांग ९ मध्ये गोल राहिला असता तर रांग ११ विणताना त्या घरात एक टाका अपुरा पडला असता. पुढच्या तिनासाठी टाका राखून ठेवायचा असतो, आणि तिथे मार्कर आधीच समोर आला असता. तुला तसं काही जाणवलं नाही ना? मग रांग ११ मध्येच राहिलाय. तुझी रांग ११:

तिनाचा एक, २ सुलट, गोल, ३ सुलट, गोल, २ सुलट.

शेजारच्या सहाव्या घराशी ताडून बघ, दोन छिद्रांपैकी उजवीकडचं नाही की डावीकडचं?

मुक्ताई
खरंच, रांग ११ ला काही अडलं नव्हतं. उजवीकडचं छिद्र नाही. डावीकडचं आहे, त्याच्यानंतर दोन टाके आणि मार्कर.

गिरीश_प
मग रांग १३ मध्ये त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून पीळ देऊन विणला की झालं. मी आधी तेच म्हणत होतो, जागा फक्त सांगितली नव्हती.

उलटसुलट
जागा सांगितली असतीस तरी अर्धंच बरोबर. पीळ दिलास तर छिद्र बंद होतं, आणि इथे छिद्रच हवंय. शिवाय रांग १३ मध्ये दोरा उचलला तर छिद्र रांग ११ ला न दिसता दोन रांगा वर दिसेल. नालेचा उजवा पाय एका पायरीने तुटेल.

मुक्ता, पाचव्या घराच्या मार्करपासून तीन टाके मोज. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये सुईखाली दोन आडवे दोरे दिसतील. वरचा रांग १२ चा, खालचा रांग ११ चा. खालचा म्हणजे तुझा राहिलेला गोल. क्रोशाची बारीक सुई सुलट बाजूने खालच्या दोऱ्याच्या खालून मागे ने, वरचा दोरा पकड आणि खालच्याच्या खालून पुढे ओढ. जे वेटोळं आलं ते तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये सुईवर चढव, उजवा पाय सुईच्या पुढे. खालच्या दोऱ्याला पीळ पडू देऊ नकोस.

छिद्र शेजारच्यापेक्षा लहान दिसेल, कारण गोलासाठी जो जास्तीचा दोरा लागतो तो तिथे नाही. आजूबाजूच्या दोन-तीन टाक्यांतून सुईच्या टोकाने थोडा थोडा ढिला करून घे, बाकीचं ताणून वाळवल्यावर जुळतं. हा उपाय एक-दोन रांगा खालच्या राहिलेल्या गोलापुरताच. चार-पाच रांगा खाली असेल तर एवढा दोरा आणायचा कुठून? तेव्हा उसवणंच बरं.

नेहा_टोरांटो
मध्येच विचारते. मी बाळाची टोपी गोलात विणतेय, लेसचीच. माझ्या चार्टमध्ये सम रांगाही काढल्या आहेत आणि मी त्या डावीकडून वाचत होते. छिद्रं अशी काही विखुरली की विचारू नका. आणि फेरीच्या सुरुवातीच्या मार्करवरही तिनाचा एक येतो. तिथे काय करायचं? तो सरकवला तर फेरी कुठे सुरू झाली तेच कळणार नाही.

उलटसुलट
गोलात काम उलटवायचं नसतं, सुलटी बाजू कायम तुझ्यासमोर. म्हणून प्रत्येक रांग उजवीकडून डावीकडेच वाचायची. डावीकडून वाचायच्या त्या फक्त सपाट विणकामातल्या उलट बाजूच्या रांगा. आकडा चार्टच्या ज्या बाजूला लिहिलाय तिथून रांग सुरू, हे बहुतेक ठिकाणी चालतं.

मार्करचं म्हणशील तर तोही एक टाका उजवीकडे जातो. फेरी संपायला एक टाका राहिला की थांबायचं, तो शेवटचा टाका नव्या फेरीच्या पहिल्या तिनात जातो. बहुतेक नमुन्यांत तसं लिहिलेलं असतं. तुझ्यात नसेल तर ती रांग इथे टाक, बघून सांगते.

माई६२
उलटसुलट, तुमचं मोजून शोधणं आवडलं. पण मला सांगा, सुईवर सात रिंगा, त्यातल्या सहा दर दुसऱ्या रांगेत काढायच्या-घालायच्या, यापेक्षा तिनाचा एक खालच्या तिनाच्या डोक्यावरच येतो हे बघून विणणं सोपं नाही का? रांग ९ सोडली तर ११, १३, १५ मध्ये तो उभ्या कण्यासारखा वर जातो. मार्कर नसला तरी कळतं.

उलटसुलट
माई, ते डोळ्याला सवय असेल तर शंभर टक्के. आणि मार्कर असला तरी कण्याकडे बघायचंच. तिनाचा एक करताना मधला टाका खालच्या कण्याचा नसेल तर मार्कर काहीही सांगो, थांबायचं. पण रांग ९ ला खाली कणा नाही, तिथे नवा सुरू होतो. तिथे मुक्ताला मार्कर लागतील. १६ रांगांच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की काढेल ती.

आणि मुक्ता, तिनाचा एक तू कसा करतेस? चार्टवर खुणेत मधली रेघ उभी आहे का?

मुक्ताई
हो, मधली उभी आणि दोन बाजूंना तिरक्या. मी एक टाका न विणता घेते, पुढचे दोन एकत्र विणते आणि पहिला त्यावरून ओढते.

उलटसुलट
त्याने वरचा टाका डावीकडे कलतो. उभी मधली रेघ म्हणजे मधला टाका वर आणि सरळ हवा. पहिले दोन टाके एकत्र, सुलट विणताना सुई घालतो तशी घालून, न विणता उजव्या सुईवर घे. तिसरा सुलट वीण. मग ते दोन्ही त्याच्यावरून ओढ. आता कणा खरंच उभा दिसेल आणि माई म्हणतात तसं वाचायलाही सोपं जाईल. पहिली फेरी कललेल्या टाक्यांनी झाली असली तरी राहू दे. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तरच फरक कळतो. पुढचं सगळं मात्र एकाच पद्धतीने कर.

मुक्ताई
वाईट बातमी. गोल उचलला, छान बसला, ६९ झाले. मग तिसऱ्या-चौथ्यामधला मार्कर सरकवायला काढला आणि त्याच्या बाजूचा तो तिनाचा एक सुईवरून सुटला. पकडायच्या आत खाली गेला, आणि आता तिथे तीन-तीन वेटोळी आणि मोठं भगदाड आहे. रांग ९ पर्यंत गेलाय बहुधा.

नेहा_टोरांटो
अरे देवा. माझं असं झालं तेव्हा मी गुंडा कपाटात ठेवून दिला होता.

उलटसुलट
साधा टाका सुटला तर एकच शिडी पडते, क्रोशाने पायरी पायरी वर आणता येतो. तिनाचा एक सुटला की रांग ११ मध्ये तो उघडून तीन टाके होतात, त्यांच्याखाली पुन्हा रांग ९ चा तिनाचा एक, तोही उघडतो. तिथल्या तिथे बांधता येतं. त्या भागातले टाके दोन बाजूंच्या गोलांपर्यंत लाइफलाइनपर्यंत खाली सोडायचे, दोन छोट्या दुटोकी सुयांवर घ्यायचे आणि सुट्या दोऱ्यांच्या प्रत्येक पायरीने एक एक रांग पुन्हा विणायची. पण प्रत्येक पायरीचा दोरा ठरलेला असतो, कडेचे टाके आवळतात आणि मधले ढिले पडतात. मी हे पाच-सहा रांगांसाठी करते, आणि नक्षी पाठ असेल तरच. १२ रांगांच्या पहिल्यावहिल्या लेसवर नको.

१२ रांगा गुणिले ६९ म्हणजे ८२८ टाके. एखाद-दोन संध्याकाळींचं काम. लाइफलाइनपर्यंत उसव.

आधी एक बघ: लाइफलाइनचा दोरा मार्करच्या रिंगांमधूनही गेलाय का?

मुक्ताई
पहिल्या सातही रिंगांमधून गेलाय, हो! सुईवरचं सगळंच दोऱ्यात ओवायचं असं मला वाटलं होतं. विणताना त्या रिंगा सुईबरोबर वर येईनात, म्हणून मी दुसऱ्या घातल्या होत्या. जुन्या तिथेच लटकतायत.

उलटसुलट
मग लटकू दे. उसवताना त्यांचा उपद्रव नाही, उलट घरांच्या सीमा कुठे आहेत ते आयतं दिसेल. लाइफलाइन बाहेर काढाल तेव्हा त्यासोबत निघतील. पुढच्या वेळी दोरा फक्त टाक्यांतून, रिंगेच्या बाहेरून.

उसवण्याची रीत अशी. आधी लाइफलाइनची दोन्ही टोकं बाहेर पुरेशी लांब आहेत का बघ, निदान १५-१५ सेंमी. नाहीतर ओढताना एक टोक आत जाईल. मग सुई काढ आणि दोरा हळूहळू ओढत जा. लाइफलाइनच्या वरची शेवटची रांग, म्हणजे नव्या फेरीची रांग १, ओढू नकोस. तिथे एकेक टाका सोडवत जा आणि त्याच वेळी सुईवर घेत जा. त्यासाठी तुझ्या सुईपेक्षा बारीक सुई वापर, २.५ मिमी असेल तर उत्तम. सुई लाइफलाइनच्या मार्गानेच घालायची, म्हणजे टाका दुभंगत नाही. पायांची दिशा चुकली तर पुढची रांग विणताना सुधारता येते. सगळे ६९ सुईवर आल्याशिवाय लाइफलाइन काढायची नाही. खरं तर तेव्हाही काढू नकोस, वरची नवी पडेपर्यंत राहू दे.

गिरीश_प
माझा एक अनुभव, मोहेरचा. लाइफलाइन असूनही उसवताच आलं नाही. केस एकमेकांत इतके गुंततात की ओढला की दोराच तुटतो. कुणीतरी सांगितलं फ्रीझरमध्ये ठेवा, मग सुटतो. मी तासभर ठेवला.

नेहा_टोरांटो
मग सुटला का?

गिरीश_प
थोडा बरा सुटल्यासारखा वाटला. पण तेव्हा मी कात्रीही वापरत होतो, त्यामुळे श्रेय कुणाचं ते माहीत नाही.

माई६२
मोहेरला मी उसवतच नाही. जे झालं ते झालं.

उलटसुलट
मोहेरमध्ये लाइफलाइनचा उपयोग टाके धरून ठेवण्यापुरताच, दोरा सोडवायला ती काही मदत करत नाही. फ्रीझरबद्दल मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय, मला स्वतःला फरक जाणवला नाही. शेटलंडच्या लोकरीलाही बारीक केस असतात, पण एवढी चिकटत नाही. अडली तर मागून हलकी हलवून सोडव, झटका देऊ नकोस.

मुक्ताई
उसवलं. सुईवर ६८! दोनदा मोजले. पण सुटलेला टाका कुठेच दिसत नाही, शिडी नाही, काही नाही. चौथ्या घरात ९ येतायत.

उलटसुलट
लाइफलाइन ओवताना एक टाका सुईने चुकवला. तो बहुधा मार्करच्या अगदी शेजारचा असणार.

कारण तुझी रांग १५: तिनाचा एक, गोल, ७ सुलट, गोल. शेवटचा गोल मार्करला अगदी चिकटून येतो. रांग १६ मध्ये त्यावर जो उलट टाका पडतो तो ढिला असतो आणि रिंगेखाली दबतो. ओवताना सुई तो सोडून पुढे जाते.

शिडी का नाही? तो टाका सुटला की रांग १६ चं वेटोळं निघतं, मग रांग १५ चा गोल मोकळा होतो, आणि गोलाच्या खाली टाकाच नाही. तो तिथेच जन्मलेला. म्हणून खाली काही धावत नाही, फक्त दोन ढिले आडवे दोरे उरतात. चौथ्या घराच्या शेवटी, पाचव्या घराच्या तिनाच्या उजव्या अंगाला बघ.

मुक्ताई
आहेत! दोन लांब ढिले दोरे, लाइफलाइनच्या खाली लोंबतायत. मी त्यांना नुसताच ढिलेपणा समजत होते.

उलटसुलट
आता तुला माहीत असलेलंच. खालच्याच्या खालून मागे, वरचा पकड, खालून पुढे ओढ, सुईवर. या वेळी दोरा पुरेसा आहे, त्यामुळे छिद्र शेजारच्याएवढंच होईल.

मुक्ताई
६९. आणि प्रत्येक घरात १०. तुमचे आभार कसे मानू, ताई.

आता पुढची लाइफलाइन नीट घालायची आहे. कुठली रांग, कुठला दोरा? आधीचा मी शिवणाचा लाल दोरा वापरला होता.

उलटसुलट
रांग ८ आणि रांग १६, दोन्ही उलट रांगा. त्यांच्यानंतर नक्षी बदलते, म्हणजे उसवलं तर चार्टवर कुठून सुरू करायचं हे शोधावं लागत नाही. पेन्सिलीने चार्टवर त्या रांगेपुढे खूण कर. गोल आणि तिनाचे एक जिथे आहेत त्या विषम रांगेतून कधीही ओवू नकोस, कुठलं वेटोळं कुणाचं ते कळत नाही.

शिवणाचा दोरा फार बारीक, लोकरीत रुततो आणि ओढताना टाक्याला चिरतो. लालचा रंग सुटायचीही भीती, कारण लेस शेवटी भिजवायची आहे. क्रोशाचा गुळगुळीत सुती दोरा घे, लोकरीपेक्षा बारीक, फिकट पण वेगळ्या रंगाचा. बोथट टोकाची सुई घेऊन, टाके विणायच्या सुईवरच असताना, सुईच्या खालच्या बाजूने ओवत जा, आणि ओवून झाल्यावर मोज. ओवलेले टाके मोजायचे, सुईवरचे नाही. त्यानंतरची पहिली रांग विणताना सुईच्या टोकाने लाइफलाइनचा दोरा टाक्यात ओढला जात नाही ना तेवढं बघ, नाहीतर पुढे ती निघणार नाही.

गिरीश_प
अदलाबदलीच्या सुया असतील तर टोक आणि केबल जिथे जुळतात तिथे किल्लीसाठी बारीक छिद्र असतं. त्यात दोरा बांधून रांग विणायची, लाइफलाइन आपोआप ओवली जाते. एकही टाका चुकत नाही. हे तरी माझं बरोबर आहे ना?

उलटसुलट
हे पूर्ण बरोबर, आणि मुक्ताची चूक यात होऊच शकत नाही. फक्त दोरा मार्करमधूनही जातो, कारण मार्कर त्याच केबलवरून सरकतात. म्हणून त्या रांगेपुरते उघडता येणारे मार्कर लाव, किंवा रांग संपल्यावर ते काढून पुन्हा घाल.

नेहा_टोरांटो
उघडता येणारे म्हणजे छोट्या सेफ्टी पिनसारखे? माझे मण्यांचे आहेत, त्यांच्या तारेत लोकर अडकते.

माई६२
वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास बांध. तुळशीबागेत पाकीट विकत घ्यायची गरज नाही.

उलटसुलट
दोऱ्याचा फास सपाट बसतो हे खरं, पण शेजारी गोल असेल तर तो फासाखालून सहज पलीकडे जातो. मग एका घरात ९ आणि शेजारी ११ दिसतात आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो. रांग १५ मध्ये हे हमखास. मी सुईच्या मापाची घट्ट रिंग वापरते. माई, तुमचा अनुभव वेगळा आहे का?

माई६२
फास घट्ट बांधला तर नाही सरकत. मी तरी कधी पाहिलं नाही.

मुक्ताई
मी अर्ध्या घरांना रिंग आणि अर्ध्यांना फास लावून बघते. चार्टवर एक कागदाची पट्टी लावलीय, चालू रांगेच्या वर, म्हणजे खालच्या झालेल्या रांगा दिसत राहतात आणि सुईखालच्या विणीशी ताडता येतात. आधी पट्टी खाली लावायचे, तेव्हा नेमकं बघायचं तेच झाकलं जायचं.

नेहा_टोरांटो
ताई, माझ्या टोपीची रांग: "तिनाचा एक, गोल, ५ सुलट, गोल", फेरीत सात वेळा. फेरी संपायला एक टाका राहिला की थांबायचं म्हणालात. पण आधीची फेरी नुसती सुलट आहे. मग थांबायचं त्या साध्या फेरीच्या शेवटी, की नक्षीच्या फेरीच्या?

उलटसुलट
साध्या फेरीच्या शेवटी. तिचा शेवटचा टाका विणू नकोस, मार्कर काढून तो टाका डाव्या सुईवरच राहू दे, मार्कर त्याच्या आधी ठेव आणि तिथून नक्षीची फेरी सुरू कर. घरात आठ टाके आहेत, म्हणजे एकूण ५६ यायला हवेत. पण पुढच्या नक्षीच्या फेरीतही तिनाचा एक तिथेच असेल तर मार्कर दर वेळी आणखी एक टाका मागे जाईल की नाही, हे पुढच्या रांगा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. चार्टचा फोटो टाक.